टक्के दारात, रुपये चिठ्ठीवर

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, आषाढाच्या सेलची पाटी छापायला टाकायचीय. वीस टक्के सूट लिहू की तीनशे रुपये सूट?" मी विचारलं, कुर्ता कितीचा? तू म्हणालास, पंधराशेचा. म्हणजे हिशेबाने दोन्ही एकच, पंधराशेचे वीस टक्के तीनशेच होतात. खिशातून जाणारा पैसा तोच असला तरी गिऱ्हाइकाच्या कानाला ते दोन शब्द वेगळे लागतात, आणि कुठला शब्द कुठे लावायचा हे चुकलं की सूट देऊनही माल पडून राहतो. तेवढ्यात तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं अर्धं राहिलं, म्हणून लिहितोय. सूनबाईलाही वाचायला दे. गल्ल्यावर ती बसते, आणि पाटीचा खरा त्रास गल्ल्यावरच निस्तरावा लागतो.

माझे वडील मेन रोडच्या दुकानात गादीवर बसायचे तेव्हा पाटी नव्हतीच. "रुपयामागे दोन आणे सोडतो," असं ते तोंडानेच सांगायचे. सोळा आण्यांचा रुपया, त्यातले दोन आणे म्हणजे आजच्या भाषेत साडेबारा टक्के. चार आणे म्हटलं की चौथाई. 1957 साली दशमान नाणी आली, आणे हळूहळू गेले आणि 'शेकडा' आणि 'टक्के' हे शब्द पेढीवरून दुकानाच्या दारापर्यंत आले. पण आण्यांचा एक गुण लक्षात ठेव. ऐकणारा मनातल्या मनात भाव काढू शकायचा. आजही 10, 20, 25 आणि 50 हे चारच टक्के नाशिकचं गिऱ्हाईक उभ्या उभ्या मोजतं. पंधराही चालतात, दहा आणि त्याचे निम्मे. पण तू मागे एकदा 18 टक्के लिहिलं होतंस. अठरा टक्के म्हणजे किती, हे दारात उभ्या बाईला कळत नाही, आणि जे कळत नाही त्यासाठी ती चप्पल काढून आत येत नाही. असा आडनिडा आकडा बसत असेल तर तो रुपयांत सांग, नाहीतर ओढून वीसवर ने.

आता मूळ प्रश्न. पुस्तकात याला 'शंभराचा नियम' म्हणतात. अमेरिकेत वॉर्टनला शिकवणारे जोना बर्गर यांनी 2013 सालच्या आपल्या पुस्तकात तो मांडला. नियम साधा आहे. वस्तू शंभराच्या आतली असेल तर टक्क्यांचा आकडा मोठा दिसतो, म्हणून टक्के लिहा. शंभराच्या वरची असेल तर पैशांचा आकडा मोठा दिसतो, म्हणून पैसे लिहा. वीसची वस्तू पंधराला दिली तर '25 टक्के' भारदस्त वाटतं, 'पाच' किरकोळ वाटतं. दोन हजारांची वस्तू पंधराशेला दिली तर '25 टक्के' हा 25 चाच आकडा राहतो आणि 'पाचशे' मोठा दिसतो. माणूस आधी आकड्याचा आकार बघतो, तो कशाचा आकडा आहे हे नंतर.

नियम खरा आहे, पण तो डॉलरच्या देशात तयार झाला. तिथे शंभराच्या रेषेने दुकानाचे खरोखर दोन भाग पडतात. आपल्याकडे शंभराच्या आत काय येतं? रुमाल, मोजे, फार तर एखादा ब्लाउजपीस. म्हणजे नियम जसाच्या तसा लावला तर नाशिकच्या प्रत्येक कापड दुकानाने रुपयांतच सूट लिहायला हवी. आणि आषाढात मेन रोडपासून तुमच्या कॉलेज रोडपर्यंत चालत गेलास तर पाट्या दिसतात सगळ्या टक्क्यांच्या. एवढे व्यापारी वर्षानुवर्षं चुकत असतील असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं त्याचा विचार केला आणि माझ्यापुरतं उत्तर काढलं. आपल्याकडे शंभराची रेषा कामाची नाही. गिऱ्हाइकाला त्या क्षणी वस्तूची किंमत माहीत आहे की नाही, ही रेषा कामाची. किंमत डोळ्यांसमोर नसेल तिथे टक्के बोलतात. किंमत समोर आली की रुपये बोलतात.

दारात उभ्या माणसाला किंमत माहीत नसते. तुझ्या दुकानात साडेतीनशेचा फ्रॉक आहे आणि साडेचार हजारांचा सूटही आहे. दारावर '300 रुपये सूट' लिहिलंस तर फ्रॉक बघायला आलेल्याला वाटेल हे आपल्यासाठी नाही, आणि सूट घ्यायला आलेल्याला वाटेल एवढंच? टक्के मात्र सगळ्या मालावर सारखे पसरतात. म्हणून दारावर टक्के. पण तीच बाई आत येऊन कुर्ता हातात घेते, चिठ्ठी उलटते, तेव्हा तिला पंधराशे दिसतात. आता तिला 'वीस टक्के' सांगणं म्हणजे गणित घालणं. तिथे जुनी किंमत खोडून मोठ्या अक्षरात 1,200 आणि खाली '300 रुपये कमी' असं हवं. एकच सूट, दारात टक्क्यांनी सांगायची आणि चिठ्ठीवर रुपयांनी.

या चिठ्ठ्यांचा कंटाळा करू नका. चारशे नग असतील तर दोघांची एक पूर्ण संध्याकाळ जाते, हे मला माहीत आहे. मी कंटाळा केला होता एका वर्षी. दारावर वीस टक्के लिहिलं आणि चिठ्ठ्या जुन्याच ठेवल्या. बाहेर पाऊस, दारात छत्र्यांचा ढीग, आत मायलेकी उभ्या. मुलीने हिरवा कुर्ता उचलला, आईने चिठ्ठी बघितली, "साडेसतराशे गं," म्हणाली आणि मुलीने कुर्ता परत घडीवर ठेवला. साडेसतराशेचे वीस टक्के साडेतीनशे, कुर्ता चौदाशेला पडला असता, आणि चौदाशे त्यांना परवडले असते. पण पाटी मागे दारात राहिली होती. मी गल्ल्यावरून सांगेपर्यंत त्या दुसऱ्या रॅककडे वळल्या होत्या. त्या दिवसानंतर चिठ्ठी न बदलता मी एकही सेल लावला नाही.

चिठ्ठ्या बदलूनही बोलणं संपत नाही, कारण आपलं गिऱ्हाईक भाव केल्याशिवाय उठत नाही, सेल असो वा नसो. तू ज्या भाषेत सूट देशील त्याच भाषेत ते पुढचं मागतं. काठपदराची साडी आठ हजारांची आहे आणि तू 'दहा टक्के सूट' म्हणालास, तर ते म्हणणार, "पंधरा करा की." हे वरचे पाच टक्के म्हणजे चारशे रुपये. तीच सूट 'आठशे रुपये कमी' म्हणून सांगितलीस तर ते म्हणणार, "अजून शंभर-दोनशे सोडा." टक्क्यांत माणूस पाचाच्या टप्प्याने मागतो, रुपयांत शंभराच्या. महाग साडीवर पाच टक्के तोंडातून सहज निघतात आणि नफा घेऊन जातात. म्हणून हजाराच्या वरच्या मालावर गल्ल्यापाशी टक्के हा शब्द उच्चारायचाच नाही, हे सूनबाईला मुद्दाम सांग.

आता हंगामाचं. मी दारावर टक्के म्हटलं ते आषाढासाठी. आपल्याकडे आषाढ मंदा असतो. देवशयनी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, लग्नाचं गिऱ्हाईक नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडचा पैसा पेरणीत गुंतलेला. पाऊस माणसांना घराबाहेर पडू देत नाही. अशा दिवसांत दुकानात येणारा यादी घेऊन येत नाही, फिरायला येतो. घ्यायचं काहीच ठरलेलं नसल्यामुळे त्याच्या डोक्यात किंमतही नसते. अशा फिरत्या माणसाला थांबवायला टक्केच हवेत. आणि श्रावण लागायच्या आत जुना माल निघून पैसा मोकळा व्हायला हवा असतो, म्हणून सूटही मोठी द्यायला हरकत नाही.

पण ती किती महाग पडते ते एकदा कागदावर मांड. पंधराशेचा कुर्ता, खरेदी हजार, नफा पाचशे. वीस टक्के सोडलेस म्हणजे तीनशे गेले, हातात दोनशे राहिले. जो नफा आधी दोन कुर्त्यांत यायचा त्याला आता पाच कुर्ते विकायला लागतात. आषाढात हे चालतं, कारण तेव्हा ते दोन कुर्ते तसेही गेले नसते. दसरा-दिवाळीत हेच गणित दुकान पोखरतं. तेव्हा गिऱ्हाईक आपल्या पायाने येणारच असतं, आणि 'संपूर्ण दुकानावर वीस टक्के' ही पाटी जो पूर्ण भावाने घेणार होता त्यालाही तीनशे रुपये देऊन टाकते.

दिवाळीला माणूस एक कपडा घेत नाही, घरादाराचे घेतो. म्हणून सूट नगावर न लावता बिलावर लावायची, आणि बिल म्हटलं की किंमत समोर आलीच, तेव्हा ती रुपयांत. 'तीन हजारांच्या खरेदीवर तीनशे रुपये कमी.' सव्वीसशेपर्यंत आलेलं गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, "अजून काय आहे चारशेचं?" टक्क्यांच्या पाटीला हे जमत नाही, कारण टक्के पहिल्या रुपयापासून मिळतात आणि पुढे जायला काही कारण उरत नाही. उंबरठा कुठे ठेवायचा हे गेल्या दिवाळीच्या बिलांवरून ठरव. साधारण बिल तेवीसशे-चोवीसशेचं होत असेल तर उंबरठा तीन हजार ठीक. पाच हजार ठेवलास तर तो लांब दिसतो आणि माणूस प्रयत्नच करत नाही. दोन हजार ठेवलास तर तू फुकट सूट वाटलीस.

रुपयांची सूट नगावर लावायची चूक मी केली आहे, ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीची दिवाळी. मी मोठ्या हौसेने लिहिलं, 'प्रत्येक कपड्यावर 100 रुपये सूट.' मुलांचे फ्रॉक साडेतीनशेचे होते, खरेदी दोनशे चाळीस, म्हणजे नफा एकशे दहा. शंभर सोडल्यावर फ्रॉकमागे दहा रुपये राहिले. फ्रॉक चार दिवसांत साफ झाले आणि मला वाटलं काय दिवाळी चाललीय. चोवीसशेचे सूट मात्र हलेनात. शंभर म्हणजे त्यावर जेमतेम चार टक्के होतात, त्यासाठी कोण थांबणार? जिथे नफा नव्हता तिथला माल धावला, जिथे होता तिथला संक्रांतीपर्यंत बसला. सरसकट रुपयांची सूट तिथेच लाव जिथे माल एका भावपट्टीतला आहे, म्हणजे सगळे कुर्ते बाराशे ते पंधराशेच्या मधले, असं.

त्या सुटांचं जे झालं त्याला शास्त्रही आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली लोकांना विचारलं होतं की पंधरा डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या दुकानात पाच डॉलरने स्वस्त असेल तर जाल का? 68 टक्के लोक हो म्हणाले. मग तेच पाच डॉलर एकशे पंचवीसच्या वस्तूवर वाचत असतील तर? 29 टक्केच हो म्हणाले. पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच. म्हणजे रुपये मोठे दिसतात हे खरं असलं तरी किंमत समोर असते तेव्हा माणूस ते किमतीशी ताडून बघतोच. महाग वस्तूवर किरकोळ रुपये लिहिलेस तर उलटा परिणाम होतो, सूट दिल्यासारखी वाटण्याऐवजी टाळल्यासारखी वाटते. येवल्याची खरी रेशमी पैठणी असेल, नफा कमी आणि किंमत मोठी, तिथे तू तीनशे रुपये सोडू शकतोस. पंधरा हजारांवर तीनशे म्हणजे दोन टक्के. टक्क्यांत लिही की रुपयांत, दोन्हीकडून ते हलकंच दिसतं. अशा ठिकाणी सूट लिहूच नको. 'फॉल-पिको आमच्याकडून' असं सांग. तुला पडेल शंभर-दोनशेला, पण बाईचा शिंप्याकडचा हेलपाटा वाचतो आणि त्याला ती टक्के लावून बघत नाही.

लग्नसराई हा आपल्या दुकानाचा खरा हंगाम, आणि तिथे टक्क्यांना जागाच नाही. बस्ता बांधायला येणारं घर ठरवून आलेलं असतं. द्राक्षाचे नाहीतर कांद्याचे पैसे हातात आले आहेत, त्यातले किती कपड्यांना घालायचे हे निघतानाच ठरलंय. मागच्या उन्हाळ्यात निफाडकडचं एक घर आलं होतं, नऊ माणसं. नवरीचा शालू झाला, वरमाईची साडी झाली, मानपानाच्या साड्यांचा ढीग गादीवर पडला. सगळं बघून होईपर्यंत नवरीची आत्या गप्प होती. बेरीज झाली बासष्ट हजार चारशे. मग तिने एकच विचारलं, "एकूण किती सोडणार?" किती टक्के, असं बस्त्याला कोणी विचारत नाही.

तिथे मी फलक लावलेला असतो, 'पन्नास हजारांच्या बस्त्यावर पाच हजार कमी.' दहा टक्के लिहिले असते तर बासष्ट हजार चारशेवर सहा हजार दोनशे चाळीस गेले असते. पाच हजारांत मी बाराशे चाळीस वाचवले आणि त्यांच्या कानाला पाच हजार भरघोस लागले. पण इथे एक खाच आहे. नव्वद हजारांच्या बस्त्यालाही पाचच हजार दिलेस तर त्या घरात मोबाईलवर हिशेब करणारा एखादा जावई असतोच, आणि तो बरोबर ओळखतो की मोठ्या गिऱ्हाइकाला कमी मिळालं. म्हणून पायऱ्या करायच्या. पंचवीस हजारांना दोन हजार, पन्नासला पाच, पंचाहत्तरला आठ, लाखाला अकरा. वर जाताना प्रमाण थोडं वाढतं ठेवलं की जावयाचं समाधान होतं आणि अठ्ठेचाळीसवर अडकलेलं घर अजून दोन साड्या घेतं. फक्त कोणाला उंबरठा ओलांडायला गळ घालू नको. लग्नानंतर नको झालेल्या साड्या बदलायला येतात, आणि आपला सगळा दिवस त्यात जातो.

सराफाचं वेगळं आहे, पण तुझा मेव्हणा सराफ बाजारात बसतो म्हणून त्यालाही हे उपयोगी पडेल. सोन्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, तो कोणी कमी करू शकत नाही. सूट असते ती घडणावळीत. समजा भाव दहा ग्रॅमला एक लाख आहे आणि घडणावळ दहा टक्के. दहा ग्रॅमची साखळी म्हणजे घडणावळ दहा हजार. आता 'घडणावळीवर 25 टक्के सूट', 'ग्रॅममागे 250 रुपये सूट' आणि 'या साखळीवर 2,500 रुपये सूट' या तिन्ही पाट्यांत एकच रक्कम आहे. पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला माणूस मुहूर्ताचं ग्रॅम-दोन ग्रॅम घेतो. त्याला अडीचशे रुपये दिसतही नाहीत, तिथे घडणावळीचे 25 टक्केच लिहावेत. लग्नाचं पाच तोळे घेणाऱ्याला मात्र ग्रॅममागे अडीचशे ऐकलं की तो पन्नासने गुणतो आणि साडेबारा हजार म्हणतो. तिथे रुपये. आणि भाव चढता असेल तेव्हा ग्रॅममागे ठरावीक रुपयांची पाटी पेढीला बरी, कारण टक्क्यांनी दिलेली सूट भावाबरोबर वाढत जाते आणि रुपयांची जागच्या जागी राहते. घेणाऱ्याच्या बाजूने बघशील तर ज्याला दोन दुकानांची तुलना करायची आहे त्याने टक्के विसरून एवढंच विचारावं, सगळं धरून बिल किती?

पुन्हा आपल्या पाटीकडे येतो. '50 टक्क्यांपर्यंत' यातला 'पर्यंत' बारीक अक्षरात लिहू नको. आत निम्म्या भावाचे पाचच कुर्ते आणि तेही एकाच मापाचे, असं असेल तर गिऱ्हाईक दारातून परत जातं आणि जाताना दुसऱ्याला सांगतं. माझा अंदाज असा की रॅकवरचा चौथा हिस्सा माल तरी खरोखर निम्म्या भावात असेल तरच तो आकडा लिहावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. त्याखाली 2022 साली फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत आमिषाच्या जाहिरातीचा वेगळा उल्लेख आहे आणि जाहीर केलेल्या भावात विकायला पुरेसा माल हवा असं सांगितलंय. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, तेव्हा त्यावर सूट देऊन बिलात वरून जीएसटी चढवायचा नाही. आणि सूट बिलावर लिहून दाखव, म्हणजे सोडलेल्या पैशावर कर भरावा लागत नाही. तोंडी सोडलेले पैसे बिलात दिसत नाहीत.

'20 टक्के अधिक 20 टक्के' हा प्रकार तर करूच नका. शंभराचे आधी ऐंशी होतात, मग ऐंशीचे वीस टक्के म्हणजे सोळा जातात, राहतात चौसष्ट. सूट झाली छत्तीस. गिऱ्हाईक मनात चाळीस धरून गल्ल्यावर येतं, आणि त्या चार रुपयांसाठी सूनबाईला रांगेसमोर गणित शिकवावं लागतं. छत्तीस द्यायचे असतील तर पस्तीस लिही आणि मोकळा हो.

माझं सगळं तुझ्या दुकानाला लागू पडेल असं मी म्हणत नाही. मेन रोडचं गिऱ्हाईक वेगळं, कॉलेज रोडचं तरुण, मोबाईलवर भाव बघून येणारं. म्हणून पारखून बघ. एक रॅक निवड, सगळा माल बाराशे ते पंधराशेचा. एका शनिवार-रविवारी त्यावर '20 टक्के' लाव, पुढच्या शनिवार-रविवारी त्याच मालावर रुपये लाव. सूट तेवढीच ठेव, शब्दच बदल, नाहीतर काय चाललं ते कळणार नाही. दोन्ही आठवडे महिन्याच्या एकाच बाजूचे घे, कारण पगाराआधीचा शनिवार आणि नंतरचा शनिवार सारखे नसतात. मुसळधार पावसाचा दिवस मोजू नको. आणि किती विकले एवढंच लिहू नको. कपडा किती जणांनी हातात घेतला आणि त्यातल्या किती जणांनी नेला, हे दोन आकडे वहीत हवेत. हातात घेणारे वाढले तर पाटीचा शब्द चालला, नेणारे वाढले तर चिठ्ठीचा. दोन आठवड्यांत पक्कं काही ठरत नाही, पण चार वेळा तोच कल दिसला तर त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

या आषाढाला तुझ्या दारावर लिही, 'संपूर्ण दुकानावर 20 टक्के सूट', आणि आत प्रत्येक चिठ्ठीवर नवा भाव आणि किती रुपये कमी झाले ते. जो माल वीसमध्ये बसत नाही, तो सेलमधून काढून मागच्या कपाटात ठेव. छापायला टाकण्याआधी पाटी कागदावर लिहून आण, आणि चिठ्ठ्यांसाठी ज्या संध्याकाळी बसाल त्या संध्याकाळी मला बोलावा. चारशे चिठ्ठ्या तिघांत लवकर होतात.